सातवं विधान

आमच्या संशोधन केंद्रात आकडेवारीचं काम माझ्याकडे, आणि चांगल्या कामात विघ्न आणणारा म्हणून माझी ख्याती. त्या दिवशी मात्र विघ्न मलाही नको होतं.

माध्यमांवरचा विश्वास मोजायची दहा विधानांची प्रश्नावली, प्रत्येकाला एक ते पाच गुण, पाच म्हणजे 'पूर्ण सहमत'. दहाही विधानं एकच गोष्ट मोजतात का, हे चाचणीतल्या उत्तरांवरून तपासायचं होतं. सातवं विधान ताईंचं होतं: 'चुकीच्या बातमीनं एखाद्याचं घर उद्ध्वस्त होऊ शकतं.' ताई आमच्या सर्वेक्षणप्रमुख. फोटोंच्या अदलाबदलीत त्यांच्या वडिलांना पेपरानं चोर ठरवलं होतं. दिलगिरी आतल्या पानावर कोपऱ्यात आली, तोवर वडील गेले होते.

सातव्याचा उरलेल्या नऊ विधानांच्या बेरजेशी सहसंबंध उणे आला. ताईंचा चेहरा उजळला.

"सर, उलटं विधान आहे ते! सहमती जास्त म्हणजे विश्वास कमी. गुण उलटवायचे राहिले असतील."

खरंच राहिले होते, चूक माझ्याच मदतनिसाची. मी त्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, पाचाचा एक, चाराचे दोन केले आणि पुन्हा चालवलं. उण्याचं अधिक झालं, एवढंच. आकडा तोच, शून्याला चिकटलेला.

"आल्फा?" ताईंनी विचारलं. विधानांचा एकमेकांशी मेळ किती, ते सांगणारा आकडा.

"शून्य पूर्णांक एकोणऐंशी. हे काढलं तर ऐंशी."

"एका शतांशासाठी काढायचं?"

"शतांशासाठी नाही हो." मी मूळ उत्तरांचा तक्ता त्यांच्याकडे वळवला. "हे बघा, जवळजवळ सगळ्यांनी 'पूर्ण सहमत'वर खूण केलीय. पेपरावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांनीही, आणि पेपरचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्यांनीही. दोघांत फरकच पडत नाही. मग विश्वास कमी की जास्त, ते यातून कळणार कसं?"

"म्हणजे विधान खोटं नाही?"

"छे! खरं आहे. इतकं खरं की इथे त्याचा उपयोग नाही."

बोलून गेलो आणि जीभ चावली. पण ताई रागावल्या नाहीत. ठेवा म्हणाल्या असत्या तर मी ठेवलंही असतं. कारणं शोधायला मी कमी नाही. त्यांनी माउस माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच सातव्यावरची खूण काढली. नऊ विधानांचा आल्फा आला, ऐंशी. वर्षभर त्यांनी त्या एका वाक्याला जपलं होतं. मला फार वाईट वाटलं.

त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. तक्त्यातल्या त्या एका रकान्यावरून बोट खाली नेत राहिल्या. पाच, पाच, चार, पाच, पाच.

"सर," त्या म्हणाल्या, "सगळ्यांना माहीत होतं की. मग बाबांच्या वेळी एकही जण आमच्या दारी कसा आला नाही?"