सुलेखाताईंची अर्धवट वर्षं

सुलेखाताईंनी तरुणपणी जर्मनीत तीन वर्षं आर्किटेक्चर शिकून मध्येच सोडलं होतं. त्याची त्यांना इतकी लाज, की अमेरिकेतल्या ॲशबर्न गावातल्या मैत्रिणींना त्या फक्त तिथल्या नोकरीचंच सांगत. आता त्रेसष्टाव्या वर्षी जर्मन पेन्शन सुरू करायची, तर पस्तीस वर्षं भरायला हवी होती. तिथली नोकरी आणि अमेरिकेतली मिळून होत होती बत्तीसच. तरी अर्जात शिक्षणाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला. "डिग्री नाही, काय लिहू? उगाच हसं!"

त्यांच्या नवऱ्याने, प्रतापरावांनी, गुपचूप विद्यापीठाकडून दाखला मागवला आणि अर्जाला जोडून टाकला. कळल्यावर ताई अशा भडकल्या, की दोन दिवस चहा फक्त स्वतःपुरता केला.

पुढे काही महिन्यांनी जर्मन पेन्शन ऑफिसचं उत्तर आलं. त्या काळात पेन्शनचा एक हप्ताही भरला नव्हता, तरी शिक्षणाची तिन्ही वर्षं धरली होती. पस्तीस पूर्ण!

"अहो, पण मी पास कुठे झाले होते?"

"ते त्यांनी विचारलंच नाही," प्रतापराव म्हणाले. "शिकत होतीस का, एवढंच विचारलं."

ताई उठल्या आणि त्यांनी दोन कप काढले.