मागच्या बाकावरची ट्रायल

पिंपळनेरच्या धर्मादाय दवाखान्याला नवी गाडी घ्यायची होती. दोन मॉडेल दारात उभी होती आणि अध्यक्ष सुपडूनानांना आजच एकावर सही करायची होती. नाना म्हणजे सरळ माणूस. फक्त गाडीत पुढच्या सीटशिवाय ते कधी बसत नसत, आणि कुणी बसूही देत नसे. पाड्यावरच्या आजारी बायांना मागे घेऊन सुनंदाबाई नर्स अकरा वर्षं जात होत्या. एकदा गाडी आली की दहा वर्षं बदलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे नानांपेक्षा त्यांचाच जीव जास्त टांगणीला लागला होता.

सकाळी लांब, मधे भिंत नसलेल्या डिझेल जीपची ट्रायल झाली. ड्रायव्हर कौतिकने आधी टायर दाबून पाहिले, हवा मोजली. धुळ्याहून आलेल्या सेल्समन वनाने धक्के कमी लागावेत म्हणून हवा उतरवून ठेवली होती. कौतिकने ती पुन्हा भरली.

सुनंदाबाईंनी मागे बाजरीची चार पोती टाकायला लावली.

"बाई, ट्रायल रिकामीच घेतात," वना म्हणाला.

"आम्ही रिकामी नेतो का कधी?" त्या म्हणाल्या. पोत्यांचं वजन पडल्यावर स्प्रिंगचे पाटे जरा बसले आणि ओढ्यापर्यंतच्या फुटक्या डांबरावर जीप उडायची थांबली, मागे सुनंदाबाईंना नीट बसता आलं. पण इंजिनचा आवाज असा, की नाना अख्ख्या चार किलोमीटरात कौतिकशी ओरडूनच बोलले. उतरताना त्यांनी कान चोळले.

दुसरी बंद व्हॅन, पेट्रोलवरची. तिच्यातही तीच पोती, तेवढीच हवा. पुढची केबिन वेगळी, मधे गादी लावलेली भिंत आणि घट्ट बसवलेली काच. वनाने कॅसेट लावली, ती मात्र सुनंदाबाईंनी मागे चढण्याआधीच बंद करायला लावली. परत आल्यावर नाना खूश होते.

"शब्द ऐकू येतो गाडीत! कौतिक, कसं वाटनं?"

"पुढे तं ठीक शे, नाना," कौतिक म्हणाला.

सुनंदाबाई कोपर चोळत उतरल्या. "मागे बसवत नाही. खडे लागले की पत्रा ढोलासारखा वाजतो, आणि चाक खड्ड्यात गेलं की बाक खालून ठोसा मारतो. मी काच वाजवत होते."

"बघा, नाना, काहीच ऐकू आलं नाही! इतकी बंदिस्त आहे," वना म्हणाला. नाना हसले आणि खिशातून पेन काढलं.

सुनंदाबाईंना राग आला, अगदी कानशिलं तापली. "नाना, एकदा तुम्ही मागे बसा. बसा म्हणजे आडवे व्हा. मी पुढे बसते."

नानांनी धोतर सावरलं आणि कुणाचा आधार न घेता मागे चढले. त्यांनाही आता कुतूहल वाटलं असावं.

सुनंदाबाई पहिल्यांदाच पुढे बसल्या. गाडी निघाली आणि त्या चकितच झाल्या. खड्डे दिसत होते, पण लांबचे वाटत होते. इंजिन बारीक गुरगुरत होतं. समोरच्या काचेपलीकडे पळस, कडेच्या शेळ्या, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, सगळं कसं शांत. अशी गाडी आपण उगाच नावं ठेवून घालवतोय की काय, असं त्यांना वाटू लागलं. ओढ्यापाशी त्या कौतिकला म्हणाल्याही, "खरंच बरी आहे रे."

दवाखान्याशी आल्यावर कौतिकने मागचं दार उघडलं. नाना पोत्यांमधे अडकून बसले होते. टोपी बाकाखाली गेली होती, पाय आखडले होते. त्यांना धरून उतरवावं लागलं.

"गाडी थांबाडा म्हणी आरडनू," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तीनदाव आरडनू. भितडाले लाथा मारल्या. मना गळा बसी गया. कोणलेच ऐकू उनं नही?"

कौतिकने नकारार्थी मान हलवली. वना दाराच्या कडीशी चाळा करत राहिला. मग नानांनी सुनंदाबाईंकडे पाहिलं.

"बाई, तुमले तरी?"

मागच्या बाईचं साधं कण्हणंही अकरा वर्षांत त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. आज एक म्हातारा चार किलोमीटर हाका मारत आला होता, आणि आपण पुढे बसून शेळ्या बघत होतो. त्यांना मनापासून लाज वाटली.

"नाही, नाना," त्या म्हणाल्या.

नानांनी टोपी झटकून घातली. वनाने पुढे केलेला व्हॅनचा कागद त्यांनी घेतला नाही.

"जीपचा काढ," ते म्हणाले. "पुढे आमचे कान फुटू देत."