अठरा नंबरची चाळणी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुधात पाणी, पेट्रोलमध्ये रॉकेल, पाहुण्यांच्या हसण्यात मतलब, मला सगळं दिसतं. कधी कधी नसतं तेही दिसतं. प्रताप नगरात घरामागच्या शेडमध्ये माझं कॉफी भाजण्याचं युनिट आहे. तिथं चार वर्षांपासून दीक्षा काम करते. जरीपटक्याहून स्कूटीनं येते, मशीन तिच्या हातात, गोदामाची किल्ली तिच्या कमरेला. तिच्यावर मी कधीच संशय घेतला नव्हता, आणि एवढ्या वर्षांत घ्यायचा राहून गेलेला तो त्या दिवशी एकदम उसळून आला.

झालं असं, की हिमानी आली. धरमपेठेत तिचा कॅफे आहे, दोन वर्षांपासून माझीच कॉफी घेते. आता दुसरा कॅफे काढणार होती आणि त्यासाठी माल पाहायला आली होती. माझ्या पिशवीवर ठळक छापलेलं असतं : ‘प्लँटेशन एए, स्क्रीन १८. मोठा दाणा, मोठी चव.’ शेवटची ओळ माझी स्वतःची. स्क्रीन अठरा म्हणजे इंचाच्या चौसष्ट भागांपैकी अठरा भागांचं, सात मिलिमीटरहून थोडं मोठं छिद्र असलेली चाळणी. एए दर्जाचा दाणा त्या चाळणीवर अडकायला हवा, निदान शंभरातले नव्वद तरी.

‘‘सुशीलभाऊ, तुमचा तो व्हिडिओ पाह्यला मी,’’ हिमानी म्हणाली. ‘‘आज गोणी दाखवा. माझ्यासमोर चाळा.’’

मागच्या महिन्यात मी एक व्हिडिओ टाकला होता. पिशवीतले दाणे चाळणीत ओतले, हलवले, शंभर ग्रॅममधले शहाण्णव वर राहिले, आणि मी कॅमेऱ्यासमोर मिशीला पीळ दिला. तोच तमाशा पुन्हा करायला मी फुशारकीनं गोणी उघडली. हिरवट कच्चे दाणे शंभर ग्रॅम मोजले, चाळणी हलवली. खालच्या ताटात पाऊस पडल्यासारखे दाणे पडले. वर राहिले एकेचाळीस ग्रॅम.

मी पुन्हा चाळलं. एकोणचाळीस.

हिमानीनं ताटात पडलेले दाणे बोटानं चाचपले. तेच मला झोंबलं. मागच्या महिन्यात शहाण्णव, आज एकेचाळीस. म्हणजे मधे कोणीतरी चांगला माल काढून हलका भरला. किल्ली कोणाकडे? मी टेबलाखाली वाकलो, का ते मलाही ठाऊक नाही, आणि तिथं एक डबा निघाला. आत दोनेक किलो बारीक, गोल गोल दाणे. पीबेरी! कॉफीच्या फळात दोन दाणे पाठीला पाठ लावल्यागत वाढतात, म्हणून एका बाजूनं चपटे असतात. एखाद्या फळात एकच वाढतो, तो गोल होतो. बाजारात तो वेगळा आणि महाग विकतात.

‘‘दीक्षा, हे काय होय?’’ मी ओरडलो. ‘‘माझ्या गोणीतून वेचून बाहेर विकून राहिली काय तू? अन् एएच्या जागी हलका माल भरला?’’

हिमानीसमोर बोललो. चोर हा शब्द तेवढा उच्चारला नाही, पण तो सगळ्यांना ऐकू आला. दीक्षानं एप्रन सोडला, खुंटीवर टांगला.

‘‘सर, तुमचा तो व्हिडिओ कायच्या दाण्यांचा होता?’’

‘‘पिशवीतल्या.’’

‘‘म्हंजे भाजलेल्या.’’

चाळणीतून खाली पडलेले कच्चे दाणे तिनं छोट्या सॅम्पल रोस्टरमध्ये ओतले. आठ-नऊ मिनिटांत तडतड झाली, वास सुटला. दाणे गार केले आणि त्याच अठरा नंबरच्या चाळणीत टाकले. तिनं हलवली. दोन-चार पडले, बाकीचे सगळे वर.

‘‘भाजल्यावर दाणा फुगते, सर. सतरा नंबरचा अठरावर बसते. दर्जा कच्च्या दाण्याचा पाह्यतात. तुम्ही लाह्या मोजून राह्यले होते.’’

माझे कान गरम झाले. पण संशय असा सहज मरत नाही. ‘‘मग गोणी सतराची कशी? दलालानं एए लिहून पाठवली.’’

‘‘दोन वर्सांपासून असाच पाठवून राहिला थो. ए दर्जाचा माल हाय, सतराचा, एएचा नाही.’’

‘‘मग सांगतलं काहून नाही मले?’’

तिनं कपाटातलं आवक रजिस्टर आणून माझ्यासमोर आपटलं. दर गोणीची नोंद तिच्या सरळ अक्षरात : ‘कच्चा दाणा, १८ वर ४३ टक्के, १७ वर ९२ टक्के. लेबल चूक. गोल दाणे ताट तिरपं करून घरंगळवून वेगळे केले, सोबत भाजले तर रंग सारखा येत नाही. वेगळे भाजायला टेबलाखाली डब्यात ठेवले.’ आणि प्रत्येक पानाखाली माझी सही. झोकदार, शेपटीवाली. मी दोन वर्षं न वाचता सही ठोकत होतो. डब्याच्या नोंदीखालीसुद्धा.

हिमानी म्हणाली, ‘‘सुशीलभाऊ, आता मी ऑर्डर कोणत्या भरोशावर देऊ?’’

‘‘उद्या सकाळी या, ताई,’’ उत्तर दीक्षानं दिलं. ‘‘जीभ सांगन. एवढं केल्याबिगर मी जात नाही.’’

रात्रभर मला एकच घोर लागला होता. ऑर्डर गेली तर पुन्हा मिळेल, ही पोरगी गेली तर?

सकाळी टेबलावर तीन कप होते, नाव एकावरही नाही. एकात आमचा चपटा ए, एकात डब्यातली पीबेरी, एकात दलालानं सॅम्पल म्हणून पाठवलेला खराखुरा एए. टपोरे दाणे, अठरावर नव्वदच्या वर बसणारे, तिनं मोजूनच घेतले होते. आम्ही चमच्यानं फुर्र करून चाखलं. हिमानीला पहिला आवडला, मला दुसरा. तिसरा दोघांनाही बेचव लागला, ओल्या पुठ्ठ्यासारखा.

‘‘पह्यला आपला ए. दुसरी पीबेरी. तिसरा एए,’’ दीक्षा म्हणाली.

‘‘म्हणजे बारीकच चांगला?’’ मी विचारलं.

‘‘नाही ना सर! तिसरा जुन्या पिकाचा होय, म्हणून उतरला. ताजा असता तर कदाचित थोच जिंकला असता. चाळणी फक्त माप सांगते. एका मापाचे दाणे सारखे भाजल्या जातात, एवढाच तिचा फायदा. चव मळ्यात होते, सुकवण्यात होते, मंग इथं या मशीनवर.’’

हिमानीनं पहिला कप संपवला. ‘‘मला हीच पाह्यजे. पण पिशवीवर खरं लिहा. अन् ते ‘मोठी चव’ काढून टाका.’’

मी मान डोलावली. दलालाला काय बोलायचं ते नंतर बोलणार होतो. आत्ता समोर खुंटीवर एप्रन लटकत होता आणि दीक्षा स्कूटीची किल्ली हातात घेऊन उभी होती.

‘‘चुकलो मी, दीक्षा,’’ मी म्हणालो. ‘‘राग नको धरू. थांब.’’

तिनं रजिस्टर उघडून माझ्यापुढं सरकवलं. काल संध्याकाळची नोंद होती, त्याच सरळ अक्षरात : ‘हिमानी ताईंसमोर सरांनी माझ्यावर चोरीचा आळ घेतला. सरांनी भाजलेला दाणा चाळला होता. माल पूर्ण आहे.’

‘‘वाचून सही करा,’’ ती म्हणाली. ‘‘मंग ठरवते मी.’’

मी वाचलं. मग हिमानीला ऐकू जाईल असं मोठ्यानं पुन्हा वाचलं. ‘आळ’ हा शब्दही गाळला नाही, आणि खाली सही केली. या वेळी सहीला शेपटी जोडायचं सुचलंच नाही.

दीक्षानं रजिस्टर ओढून घेतलं, सही नीट बघितली, आणि खुंटीवरचा एप्रन काढून कमरेला बांधला.