टीव्हीच्या चौकटीवरची हळद

दसऱ्याच्या सकाळी मुक्ताईंनी टीव्हीवरचा झेंडूचा हार उतरवला. खंडेनवमीला हौसेनं काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक काळ्या पडद्याच्या बरोब्बर मध्यभागी वाळून चिकटलं होतं. ओल्या कुंकवाचा एक ओघळ खाली अर्ध्यापर्यंत येऊन थांबला होता, आणि खालच्या पांढऱ्या चौकटीवर हळदीचं पिवळंधमक बोट उठलं होतं.

आता यात बाईंची चूक ती काय? वर्ध्याकडच्या घरी नवमीला पाट्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागायचं. तिथला जुना डब्बा टीव्ही दरवर्षी पूजला जायचा, आणि दुसऱ्या दिवशी ओला कागद रगडून पुसलाही जायचा. जाड काचेचा होता तो, त्याला कशाचं काही वाटत नसे. हडपसरच्या या सातव्या मजल्यावर राहूनही मुलानं, आनंदनं, खाली जाऊन दुचाकी पूजली, सुनेनं, वैष्णवीनं, लॅपटॉप पूजला, मग भिंतीवरच्या एवढ्या मोठ्या टीव्हीनं काय पाप केलं होतं?

काल आनंदनं स्वस्तिक पाहून, "आई, मस्त काढलंयस," म्हटलं. वैष्णवी मात्र बघत राहिली आणि काही बोलली नाही. त्या न बोलण्यानं मुक्ताईंची झोप उडाली होती.

खरं तर प्रश्न टीव्हीचा नव्हता. यजमान गेल्यावर आनंद त्यांना पुण्यात घेऊन आला होता आणि म्हणत होता, आता इथंच राहा. दसऱ्यापर्यंत ठरवते, असं त्यांनी सांगितलं होतं. मन इथं रमायला लागलं होतं, हे त्यांचं त्यांना कळत होतं. पण हातांचा भरवसा वाटत नव्हता. आल्याआल्या त्यांनी सुनेचा काळा नॉनस्टिक तवा तारेच्या घासणीनं असा लख्ख घासला, की त्याचा गुणच गेला. त्यावर वैष्णवी एवढंच म्हणाली होती, "अहो आई, तव्याचं आयुष्य तेवढंच होतं म्हणायचं." पुण्याची पोरगी, चिडली की थट्टा केली हेच समजत नाही. आता तव्यामागून टीव्ही गेला, तर कुठल्या तोंडानं राहायचं? तसं झालं तर पिशवी भरायची, हे त्यांनी ठरवून टाकलं.

आनंद श्रीखंड आणायला गेला होता, वैष्णवी खाली आपट्याची पानं घ्यायला. तेवढ्यात सगळं निस्तरायचं होतं. मुक्ताईंनी बेसिनखालची निळी बाटली काढली. त्याच पाण्यानं वैष्णवी आरसा चकचकीत करायची. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राचा बोळा घेऊन त्या टीव्हीसमोर उभ्या राहिल्या, तोच बाहेरून दार उघडलं.

"आई, ती बाटली खाली ठेवा," वैष्णवी दारातूनच म्हणाली.

मुक्ताईंनी बाटली ठेवली, बोळाही ठेवला. डोळे भरून आले. "मी पुसूनच राहिली होती," त्या म्हणाल्या. "बिघडवाले नोतं घेतलं. तू आनंदले सांग, माहं उद्याचं तिकीट काढ. माहा हात लागला की तुमच्या इथलं काही टिकत नाही."

वैष्णवीनं पानांची पिशवी टेबलावर टाकली. ती हसली नाही, रागावलीही नाही. सासूला हाताला धरून तिनं सोफ्यावर बसवलं, टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद केलं, आणि शेजारी बसली.

"हा पडदा आरशासारखा दिसतो, पण वरून काच नाहीये," ती म्हणाली. "वर पातळसा लेप असतो. या निळ्या पाण्यात अमोनिया आहे, त्यानं तो उतरतो आणि पांढरे डाग पडतात, मग ते जातच नाहीत. सॅनिटायझर, स्पिरिट, व्हिनेगर, टूथपेस्ट, भांड्याची पावडर, यातलं काहीच चालत नाही. आणि कागदानं बारीक चरे उठतात."

"अन् राख?"

"आई, राखेचं नावसुद्धा काढू नका."

मुक्ताईंना हसू आलं, आणि रडताना हसू आल्याचा रागही आला.

इन्व्हर्टरसाठी आणलेली शुद्ध पाण्याची बाटली घरात होती, न फोडलेली. नळाच्या पाण्याचे क्षार वाळले की डाग सोडतात, म्हणून हे पाणी. चष्मा पुसतात तसल्या मऊ कापडाचे दोन तुकडे वैष्णवीनं आणले, आणि कोरडा तुकडा सासूच्या हातात दिला.

"मी?" मुक्ताई म्हणाल्या.

"स्वस्तिक कुणी काढलंय?"

मग वैष्णवी सांगत गेली आणि मुक्ताई करत गेल्या. आधी कोरड्या कापडानं हलकेच झटकायचं, कारण कुंकवाचे सुटे कण घासले तर तेच ओरखडे काढतात. पाणी पडद्यावर कधीच उडवायचं नाही. ते ओघळून खालच्या फटीत शिरलं, तर आतलं सगळं कामातून जातं. कापडच भिजवायचं, आणि इतकं पिळायचं की थेंब गळता कामा नये. मुक्ताईंनी ते दमट कापड स्वस्तिकावर अलगद टेकवलं. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर घडी ठेवावी तसं. दाबलं नाही, रगडलं नाही. कुंकू मऊ झालं तसं कापडाच्या स्वच्छ बाजूनं टिपत टिपत काढलं. ओघळ गेला. शेवटी कोरडं कापड फिरवलं आणि पडद्यात दोघींचे चेहरे दिसायला लागले.

"एक चरा नाही," वैष्णवी म्हणाली. "माझ्याच्यानं एवढा धीर धरवला नसता."

आता राहिलं चौकटीवरचं पिवळं बोट. प्लॅस्टिकच्या चौकटीला साबणाचा एखादा थेंब चालतो, असं म्हणत वैष्णवी उठली, तर मुक्ताईंनी तिचा हात धरला.

"साबण नको लावू. हळदीले साबण लागला की लाल होते. लुगड्यावरचा डाग कधी धुतला नाहीस काय तू?"

"मग काय करू?"

"नुसत्या ओल्या कापडानं पूस. निघंल तेवढं निघंल. बाकी त्या खिडकीच्या उजेडानं जाते. हळद उन्हापुढं टिकत नाही."

"किती दिवसांत?"

"आता ते मी कसं सांगू? रोज पाहा लागंल."

वैष्णवीनं ओलं कापड फिरवलं. बोट फिकं झालं, पण राहिलंच. ती जरा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. काल पाहत होती तशीच. मग म्हणाली, "हे रोज बघायचं काम मला जमणार नाही, माझं अर्धं आयुष्य हिंजवडीच्या बसमध्ये जातं. डाग तुमचा, लक्ष तुम्हीच ठेवा. तो जाईपर्यंत तिकीट काढायचं नाही."

"अन् मंग?"

"मग बघू."

आनंद श्रीखंड घेऊन आला, तेव्हा दोघी शेजारी बसून टीव्ही बघत होत्या. राहायचं काय ठरलं, हे त्यानं विचारलं नाही आणि मुक्ताईंनी तिकिटाचा विषय काढला नाही.

त्यानंतर सकाळच्या चहाबरोबर त्या डागाची चौकशी व्हायला लागली. आहे का? आहे. फिका झालाय? थोडासा. दिवाळीचा फराळ झाला, पाहुणे येऊन गेले, आणि एका सकाळी मुक्ताईंनी चष्मा लावून पाहिलं तर चौकट पांढरीस्वच्छ. काहीच नव्हतं. त्यांना काय वाईट वाटलं म्हणून सांगू. कुणाला काही न बोलता त्या स्वयंपाकघरात जाऊन निवडलेली मेथी पुन्हा निवडत बसल्या.

बाहेर वैष्णवी ऑफिसला निघाली होती. बूट दाराशीच ठेवून तिनं कोऱ्या चौकटीकडे नजर टाकली, देव्हाऱ्यापाशी जाऊन इकडेतिकडे पाहिलं, करंड्यात बोट बुडवलं आणि टीव्हीपाशी जाऊन खालच्या चौकटीवर, नेमकं जुन्या जागी, हळदीचं बोट टेकवलं. पडद्याला लागू दिलं नाही.

मेथीची काडी हातात धरून मुक्ताई दाराआडून पाहत होत्या.

"आई, निघते मी," वैष्णवीनं बाहेरूनच हाक दिली. "आणि तो डाग अजून आहे हं, जरा लक्ष ठेवा."

"ठेवतो नं," मुक्ताई म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसून त्यांनी संध्याकाळच्या भाजीला मेथी चिरायला घेतली.