औशाच्या आत्याचं गाणं

रील होती जेमतेम अठ्ठावीस सेकंदांची. अंगणात हळदीची वाटी, बांगड्यांची किणकिण, आणि चेहरा न दिसणाऱ्या एका बाईचा भरदार आवाज:

हळद लाव बाई, कोपरापातूर,
नवरदेव उभा दारात आतूर…

एवढ्यात रील संपायची. लातूरच्या सृष्टीला गाणं पुरं हवं होतं. गुरुवारी तिच्या थोरल्या बहिणीची, मंजुश्रीची हळद. हळद लागेल तर याच गाण्यावर, असं मंजुश्रीनं घरभर सांगून ठेवलेलं, आणि गाणं शोधायचा शब्द सृष्टीनं दिलेला. आज सोमवार होता.

गाणं ओळखणारं ॲप मुकं राहिलं. रीलखाली नुसतं ‘ओरिजिनल ऑडिओ’. तिथं बोट लावलं की जे पेज उघडायचं, त्यानं रील दुसऱ्याच कुणाची उचललेली, आणि ते मेसेजला उत्तर देत नव्हतं. सृष्टीनं खाली नम्रपणे विचारलं, “गाण्याचं नाव सांगा ना प्लीज.” दिवसभरात अकरा उत्तरं आली. अकराही ‘मला पण’.

मंगळवारी ती बसस्टँडवर उभी होती. एक म्हातारा निलंग्याची गाडी कुठं लागते म्हणून विचारत होता. लोक हात हलवून पुढं जात होते. तेवढ्यात दुसरा कुणी ठासून म्हणाला, निलंग्याची गाडी आता बंद झालीय. लगेच चौघं धावून आले, त्याला खोटं पाडलं आणि म्हाताऱ्याला गाडीच्या दारापर्यंत सोडून आले.

सृष्टीनं तिथंच फोन काढला. विचारणाऱ्याला कुणी उत्तर देत नाही, पण चुकणाऱ्याला सुधारल्याशिवाय आपल्या माणसाचा घास उतरत नाही. तिनं लिहिलं, “हे गाणं आमच्या औशाच्या कमलम्मा आत्यांचं. लातूरसारखा आवाज नांदेडला सापडायचा न्हाई.”

कमलम्मा आत्या तिची सख्खी आत्या. आरतीला तिनं सूर लावला की बाकीचे टाळ्या जोरात वाजवायचे, तो झाकायला.

संध्याकाळपर्यंत खाली जत्रा भरली. लातूरवाल्यांनी अभिमानानं हात जोडले, नांदेडवाल्यांनी बाह्या सरसावल्या. आणि माहूरच्या अश्वजितनं लिहिलं: “कोण कमलम्मा? हा माझ्या आईचा आवाज हाय. पंचशीलाबाई. मामाच्या पोरीच्या हळदीत गायली होती, अंगण बी आमचंच हाय.”

सृष्टी माफी मागून गाणं मागणार, तोच त्याच्याखाली नवं उत्तर उमटलं. खुद्द आत्याचं.

“हाव, मीच गायले. लई जुनं हाय.”

झालं असं, की दुपारपासून औशात आत्याचं कौतुक चाललेलं. भजनी मंडळातल्या बायांनी तिला ओवाळायचंच बाकी ठेवलं होतं. सृष्टीनं फोन करून पाया पडायची तयारी दाखवली. म्हणाली, उत्तर काढून टाका, गाणं हातचं जाईल. आत्या शांतपणे म्हणाली, “तूच नाव घातलं ना माझं? मग आता माझं हाय.”

आता अश्वजित तरी गाणं का देईल? त्यानं विचारलं एवढंच: आई म्हणते, मग पुढचं कडवं सांगा.

आत्यानं सांगितलंही. त्यात हळद होती, जावई होता आणि कशाशीच न जुळणारं वांग्याचं भरीत होतं.

सृष्टीनं मग अश्वजितला सगळं खरं लिहिलं: बहीण, गुरुवार, बसस्टँड. लबाडी माझी आहे, आत्या फक्त हुरळल्यात. आईंचं नाव सगळ्यांना कळू द्या, माझं उत्तर मी स्वतः दुरुस्त करते. आणि केलंही.

बुधवारी सकाळी आवाजाची फाईल आली, पुरं गाणं. सोबत पंचशीलाबाईंचा निरोप: सात महिने लोक माझ्या आवाजावर नाचून राहिले, नाव कुणी पुसत न्हवतं, की सांगितलं तरी वाचत न्हवतं. तुझ्या खोट्यानं कळलं. आता माईकवर माझं नाव घे, आणि गाणं शेवटपातूर वाजव.

गुरुवारी सृष्टीनं नाव घेतलं, गावासकट. गाणं सुरू झालं.

हळद लाव बाई, कानाच्या पाळीला,
सासूची बोलणी लागू नयेत बाळीला…

मंजुश्री रडता रडता हसली. बाया टाळ्या धरू लागल्या. आणि मग ताजं, पंचशीलाबाईंनी कालच जोडलेलं कडवं आलं:

हळद लाव बाई, आत्याच्या ओठाला,
परक्याचं गाणं कसं पचलं पोटाला?

सगळा मांडव आत्याकडे वळला. आत्यानं शांतपणे वाटीत बोट बुडवलं, स्वतःच्या ओठाला हळद लावली आणि सृष्टीला जवळ बोलावलं.

“नंबर दे तिचा,” ती म्हणाली. “म्हणावं, भरिताचं कडवं बी बसव यात.”