महिपतीचं बुजगावणं

फोटो पाहिला आणि सोजरबाईंना इतकं हसू आलं की उत्कर्षाच्या खोलीतल्या बाकीच्या दोन मुलींनी अभ्यासाची पुस्तकं मिटली. सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत तीन मुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायच्या, आणि घरमालकांनी दारावर पाटीच लावली होती, 'हसण्याचा आवाज खाली येतो. कारण कळवल्यास आम्हीही हसू.'

"आज्जी, हा पुरावा आहे. हसतेस काय?" उत्कर्षा म्हणाली.

"अगं, पुरावा हाय म्हणूनच हसते."

मार्चमध्ये गारा पडल्या, लिंबाएवढ्या. सोजरबाईंचा दोन एकर कांदा पातीसकट चेचला गेला आणि उरला तो जागेवरच सडला. पीक विमा एक रुपयात काढलेला होता. नात शहाणी. बहात्तर तासांच्या आत कळवायचं असतं, म्हणून तिने दुसऱ्याच दिवशी आजीकडून फोटो मागवून मोबाईलवरून तक्रार नोंदवली आणि आलेला क्रमांक वहीत उतरवून ठेवला. गावच्या कृषी सहायकाने पंचनामाही केला. तरी दावा फेटाळला गेला. कारण एका ओळीचं होतं: 'पाहणीच्या वेळी शेतात पीक आढळले नाही, शेतकरी गैरहजर.' तहसीलदारांच्या तालुका समितीनेही विमा कंपनीच्या कागदाचीच री ओढली. मग उत्कर्षाने जिल्हा समितीकडे अपील केलं आणि पाहणीचा अहवाल फोटोसकट मागून घेतला. तोच फोटो आता सोजरबाईंच्या हातात होता.

सोजरबाईंना पैसे हवे होते, हे खरंच. पुढच्या रोपांचं बी त्याच पैशातून यायचं होतं. पण त्याहून जास्त झोंबलं होतं ते 'पीक आढळले नाही'. चार महिने कंबर मोडून लावलेला कांदा कागदावर कधी नव्हताच, असं कुणी म्हणावं, याचा त्यांना मनापासून संताप आला होता.

फोटोत रिकामं शेत होतं, कसलीशी धसकटं होती आणि मधोमध एक बुजगावणं उभं होतं. त्याच्या अंगातल्या शर्टावर छापलेलं होतं, 'आपला माणूस महिपती'.

महिपती म्हणजे सोजरबाईंचा चुलत दीर आणि बांधाला बांध लागलेला शेजारी. सोजरबाईंचा गट नंबर २१४, त्याचा २१३. सरपंचपदाला उभा राहिला, आपटला आणि छापलेले शंभरेक शर्ट घरात पडून राहिले. त्यातला एक बुजगावण्याला चढवून त्याने ते रस्त्याकडे तोंड करून रोवलं. त्याची ज्वारी निघाली तरी उपटलं नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याला नाव दिसायला हवं ना! बांधाच्या वादापायी दोन्ही घरांचं पाच वर्षं बोलणं बंद होतं.

"फोटोखाली जागेचे आकडे असतात, पण छापताना ती पट्टी कापली गेलीय," उत्कर्षा म्हणाली. "शेत महिपती आजोबांचं आहे, हे त्यांनीच सांगितलं तर? पण ते येतील का?"

"येतील की. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला शिडी लागत न्हाई त्यांना."

गावी परतल्यावर सोजरबाईंनी पाच वर्षांचा अबोला मोडला. महिपतीच्या अंगणात उभं राहून त्या म्हणाल्या, "भावजी, तुमचं नाव पुण्याला जिल्ह्याच्या फायलीत गेलंय. फोटोसकट. मोठे साहेब बघणार हाईत. तुम्ही न्हाई आलात तर माझं काय जातंय म्हणा."

यात खोटं अक्षरही नव्हतं. महिपतीने त्याच रात्री फेटा कडक इस्त्रीला दिला.

सुनावणीच्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात लांब टेबलापलीकडे समिती बसली. अध्यक्षांच्या खुर्चीत गोपाळकृष्ण नावाचे अधिकारी होते. पक्के पुणेरी, चष्म्यावरून बघणारे. कंपनीतर्फे आमोद नावाचा तरुण लॅपटॉप घेऊन आला होता.

"आजी, आमच्या माणसाने जागेवर जाऊन फोटो काढलाय," आमोद म्हणाला. "शेत रिकामं आहे. ॲज सिंपल ॲज दॅट."

"सिंपल गोष्टींसाठीच ही समिती बसते," अध्यक्ष म्हणाले. "बाई, आपलं म्हणणं?"

सोजरबाईंनी फोटो टेबलावर सरकवला. "साहेब, हे बुजगावणं बघा. कांद्यात बुजगावणं कोन लावतं? कांदा खानारं पाखरू अजून जन्माला यायचंय."

कृषी अधिकारी बाई खाली मान घालून हसल्या. आमोद मात्र हसला नाही. "कोणी कुठेही लावू शकतं. यावरून शेत त्यांचं नाही हे सिद्ध होत नाही, सर."

उत्कर्षाने सातबारा पुढे केला. २१४ वर ई-पीक पाहणीत कांदा नोंदलेला होता. आमोद म्हणाला, "नोंद लावणीची आहे. गारपिटीआधी काढून विकला असेल. पंचनामा आणि फोटो दुसऱ्या शेताचेही असू शकतात." सोजरबाईंनी मागे वळून महिपतीला खूण केली.

महिपती या क्षणाचीच वाट बघत होता. फेटा सावरत तो पुढे आला. "नमस्कार. मीच तो. शर्टावरचा."

"दिसतंय," अध्यक्ष म्हणाले. "हे शेत कुणाचं?"

"माझं की! गट २१३. आता तुम्ही फोटो बघताय ना साहेब, तो माझ्यामुळं इतका चांगला आलाय. कंपनीचं पोरगं मोटरसायकलवरनं आलं. २१४ कुठं म्हनून मलाच विचारलं. तिकडं चिखल व्हता. मी म्हनलं, कशाला बूट खराब करताय, इथंच काढा, नाव बी स्वच्छ येतंय."

आमोदने डोळे मिटले. उत्कर्षाच्या हातातलं पेन थांबलं. सोजरबाई दिराकडे बघतच राहिल्या. त्यांना वाटलं होतं, कंपनीचा माणूस आळशी. त्या आळशाला आडवाटेला लावणारा घरचाच होता!

"मूळ फोटो लॅपटॉपवर उघडा," अध्यक्ष आमोदला म्हणाले. "पट्टी कापलेली नको."

आमोदने उघडला. खालचे आकडे कृषी अधिकारी बाईंनी नकाशावर टाकले. बिंदू बरोबर २१३ मध्ये पडला, बुजगावण्याच्या पायाशीच म्हणा ना.

निर्णय तिथेच लिहिला गेला. पाहणी चुकीच्या गटात झाली, म्हणून दावा फेटाळणं रद्द. कृषी सहायकाने गारपिटीनंतर २१४ मध्ये केलेला पंचनामा आणि सोजरबाईंचे फोटो धरून कंपनीने भरपाई काढावी.

"आम्ही राज्य समितीकडे जाऊ शकतो, सर," आमोद हळूच म्हणाला.

"अवश्य जा. फोटो मोठा करून न्या. नाव स्वच्छ आलंय."

कंपनी गेली नाही. दिवाळीआधी पैसे खात्यात आले.

सुनावणीच्या दिवशी जिन्यात मात्र सोजरबाईंनी महिपतीला गाठलं. "भावजी, त्या पोराला माझ्या रानात का न्हाई धाडलंत?"

महिपतीचा फेटा कलला होता. "वैनी, बांधाचा राग व्हता. आनि..." तो थांबला. "कुनी फोटो काढायला येतंच न्हाई गं माझा."

सोजरबाईंना शिव्या द्यायच्या होत्या. चार चांगल्या तोंडात तयार होत्या. पण त्यांना त्या माणसाची एवढी कीव आली की त्यांनी त्याला चहा पाजला आणि छापलेल्यांतला एक शर्ट मागितला.

पौषात कांदा लागला. २१४ च्या मधोमध, रस्त्याकडे तोंड करून, बुजगावणं उभं राहिलं. शर्ट उलटा घातलेला. कोऱ्या बाजूवर उत्कर्षाने रंगाने मोठ्ठं लिहिलेलं: 'गट २१४. फोटो इथे काढावा.'

महिपती बांधावरून ओरडला, "वैनी, कांद्यात बुजगावनं? पाखरं तरी येत्यात का?"

"पाखरांसाठी न्हाई हो," सोजरबाई म्हणाल्या. "साहेबांसाठी हाय. आनि थोडं तुमच्यासाठी."