उतार

ह्यांच्या हृदयाची ताकद पंचवीस टक्क्यांवर आली आहे, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, "मग करायचे काय?" शस्त्रक्रिया ह्या वयात आणि अशा मूत्रपिंडांवर झेपणार नव्हती. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, पाणी मोजून, आणि जिना बिलकुल नाही. "घाबरे झाले की सावकाश श्वास घ्यायला लावा, मन शांत राहील," असेही ते म्हणाले. बाकीच्या सूचना मी पाळल्या. ह्या शेवटच्या वाक्याला मात्र मी औषध मानले.

आमचे घर भाईंदरजवळच्या हाटकेश वसाहतीत, चौथ्या मजल्यावर. गिरगावातली दीड खोली सोडून आम्ही येथे आलो, तेव्हापासून ह्या घरात माझ्या शब्दाबाहेर काही घडलेले नाही. सुना आल्या, वेगळ्या झाल्या, मुले परदेशी गेली, शिस्त राहिली. म्हणून अभिनवने, माझ्या थोरल्याने, वडिलांसाठी मनगटी घड्याळ पाठवले तेव्हा त्याची जबाबदारीही मीच घेतली. ते वापरायचे कसे, हे त्याची मुलगी इशिता हिने शिकवले. ती कॉलेजसाठी अंधेरीला राहते आणि रविवारी आमच्याकडे येते.

"हे बघ आजी, खाली हिरवा दिवा लुकलुकतोय ना, तो कातडीतून रक्ताची ये-जा बघतो. पट्टा सैल ठेवायचा नाही. इथे दाबलं की श्वासाची पाच मिनिटं सुरू. गोल मोठा होतो तेव्हा श्वास आत, लहान होतो तेव्हा बाहेर. न बघताही चालतं, मनगटावर थरथर होते. शेवटी दोन आकडे दाखवतं. सुरू करताना ठोके किती होते, आणि संपताना किती."

"म्हणजे दुसरा आकडा कमी आला की प्रगती."

"हो, म्हणजे... तेवढ्यापुरती."

तिचे ते "तेवढ्यापुरती" मी ऐकले नाही.

संध्याकाळी साडेपाचची वेळ मी ठरवली. पहिल्या दिवशी सुरुवातीला ब्याऐंशी, शेवटी ऐंशी. दुसऱ्या दिवशी ऐंशी आणि ऐंशी. तिसऱ्या दिवशी तर त्र्याऐंशीचे चौऱ्याऐंशी झाले.

"अहो, लक्ष कुठे आहे तुमचे? श्वास नीट सोडत नाही तुम्ही."

"सोडतोय की. आता आणखी कुठे सोडू, भाईंदरच्या खाडीत?"

"थट्टा पुरे. जगायचे आहे ना?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत फुली मारली. ती त्यांना खुर्चीतून स्पष्ट दिसत असे.

पुढच्या आठवड्यात नवल घडले. एकशे चारावर सुरू होऊन ठोके चौऱ्याऐंशीवर थांबले. वीसचा उतार! मी चौकटीत ठळक "२०" लिहिले आणि म्हटले, "शाबास. अगदी असेच." पाठीवर हातही ठेवला. दुसऱ्या दिवशी अठरा, मग बावीस. सत्राच्या आधी त्यांना धाप लागलेली असे, ओठ फिके पडलेले असत. पाच मिनिटांत चेहऱ्यावर रंग परतत असे. आजार रोज संध्याकाळी चाल करून येतो आणि माझ्या पाच मिनिटांपुढे हरतो, असा अर्थ मी लावला. समोरच्या कोकिलाबेनना मी कॅलेंडर दाखवले. "बा, तमे तो डॉक्टर थई गया," त्या म्हणाल्या. मी डॉक्टरच झाले म्हणे, आणि मला ते मनापासून पटले.

सहा आठवडे असे गेले. पावले सुजू लागली, तेव्हा मी मीठ आणखी कमी केले. तपासणीची तारीख पंधरा दिवस पुढे ढकलली. आकडे इतके चांगले असताना त्यांना रिक्षाचे धक्के कशाला?

त्या रविवारी इशिता आजोबांचा फोन घेऊन बसली होती. घड्याळातले सारे त्यात उतरते. हे आत झोपले होते.

"आजी, आजोबा रोज सव्वापाचला काय करतात?"

"काय करणार? मी देवघरात असते. दिवा, स्तोत्र. ते दाराशी हवा खात उभे असतात."

"उभे नसतात. हे बघ." तिने पडदा माझ्यापुढे धरला. ठोक्यांची रेघ दिवसभर सपाट, आणि सव्वापाचच्या पुढे सुळक्यासारखी उभी. रोज. "आणि इथे मजले मोजलेत. रोज दोन. सहा आठवडे, आजी. ते जिना चढतायत."

मला प्रथम समजलेच नाही.

"चढले की ठोके वाढतात. मग तू पाच मिनिटं खुर्चीत बसवतेस. बसल्यावर कुणाचेही उतरतील. श्वासाने थोडा फरक पडतो, पण वीस नाही."

मी आत गेले. ते जागे होते. सारे ऐकले असावे.

"खरे आहे?"

"लिफ्टने दुसऱ्यावर उतरायचो आणि चढून वर यायचो. दोनच मजले."

"डॉक्टरांनी काय सांगितले होते? मेंदू आहे की नाही? कशासाठी?"

ते उठून बसले. तेवढ्यानेही त्यांना दम लागला.

"अगं, एकदा दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली. चढून आलो, आणि तुझा तो वीस आला. तू शाबास म्हणालीस." ते थोडे थांबले. "बावन्न वर्षांत पहिल्यांदा. मग म्हटलं, दोन मजल्यांत मिळतंय, तर घ्यावं."

इशिता दाराशी रडत होती. तिला मी चहा टाकायला पाठवले. दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते.

सोमवारी आम्ही तपासणीला गेलो. ताकद पंधरा टक्क्यांवर आली होती. जिन्याचे मी स्वतःच सांगितले, कॅलेंडरही पुढे ठेवले. डॉक्टरांनी ते सावकाश पाहिले आणि मिटून परत दिले. "आजी, आजार वाढतच होता. जिन्याने किती आणि आजाराने किती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. तुम्ही लवकर यायला हवे होते, एवढे खरे." पुढे काय, हे मी विचारले नाही. त्यांनी घरी नेण्याचा सल्ला दिला, तेव्हाच ते कळले.

आता पलंगाशेजारी प्राणवायूचे यंत्र घरघरत असते. घड्याळ मी कपाटात टाकले होते, पण काल त्यांनी खुणेने मनगट पुढे केले. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढून बसवला. पाच मिनिटे मी त्यांच्याबरोबर श्वास घेतला. त्यांचा श्वास गोलाच्या बराच मागे राहत होता, म्हणून मी गोलाकडे पाहणे सोडले आणि त्यांच्या छातीकडे पाहून माझा श्वास मोजला.

सत्र संपले. हात इतका थंड होता की घड्याळाला ठोके सापडलेच नाहीत. आकड्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा होत्या.

"किती?" त्यांनी विचारले.

"वीस," मी म्हणाले. "शाबास."

"जिना न चढता?"

मी त्यांचा हात माझ्या दोन्ही तळव्यांत धरून चोळत राहिले. तो गरम होत नव्हता.